तेलातले फ्युरान आणि रोहित्राचे उरलेले आयुष्य

एका मोठ्या रोहित्रातून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, तेलाची एक बाटली काढली. प्रयोगशाळेने तपासून सांगितले की एक किलो तेलात १.२ मिलिग्रॅम फरफ्युरल आहे. त्यांच्या भाषेत १.२ पीपीएम. हा आकडा एका प्रचलित सूत्रात घातला, तर रोहित्राच्या कागदाचे ४८ टक्के आयुष्य संपलेले निघते. तितक्याच प्रचलित दुसऱ्या सूत्रात घातला, तर फक्त ९ टक्के. बाटली तीच, आकडा तोच. एका उत्तरावर नवे रोहित्र घेण्यासाठी कोट्यवधी रुपयांच्या तरतुदीची चर्चा सुरू होऊ शकते, दुसऱ्यावर फाइल बंद होऊ शकते.

अशा अहवालात ‘उरलेले आयुष्य’ या शीर्षकाखाली टक्केवारी छापलेली असते आणि वाचणारा सरळ तिथेच नजर टाकतो. माझ्या मते अख्ख्या अहवालातला सर्वांत कच्चा आकडा तोच. त्याच्या वरच्या ओळीत छापलेला फरफ्युरलचा आकडा मात्र खरोखर मोलाचा असतो, पण तो कसा वाचायचा हे माहीत असले तर.

प्रश्न कागदाचा आहे, म्हणून आधी कागदाकडे पाहू. वीज उपकेंद्रातल्या मोठ्या रोहित्राच्या टाकीत वीस-एक टन तेल असते आणि त्या तेलात तांब्याची वेटोळी, म्हणजे वाइंडिंग, बुडालेली असतात. तांब्याच्या प्रत्येक पट्टीवर तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर गुंडाळलेले असतात. वेटोळ्यांच्या मधे त्याच जातीच्या जाड पुठ्ठ्याचे ठोकळे आणि नळकांडी असतात. तेल खराब झाले तर गाळता येते, बदलता येते. बुशिंग बदलता येते, पंखे बदलता येतात, टॅप चेंजर दुरुस्त होतो. कागद बदलायचा म्हणजे तांबे उलगडून वेटोळे नव्याने घालणे आले, आणि तो जवळजवळ नव्या रोहित्राचाच खर्च. म्हणून कागदाचे आयुष्य तेच रोहित्राचे आयुष्य मानतात.

कागद म्हातारा होतो म्हणजे वीज अडवण्याची त्याची ताकद जाते, असा समज असतो. तसे होत नाही. तेलात भिजलेला जीर्ण कागदही जागचा हलला नाही तर वीज बऱ्यापैकी अडवतो. जाते ती त्याची चिवटपणाची ताकद. जुन्या पोथीचे पान जसे कोपऱ्यात दुमडले की तुकडा हातात येतो, तसा तो होतो. रोज सुरळीत चालणाऱ्या रोहित्रात याने काही बिघडत नाही. पण बाहेरच्या वाहिनीवर शॉर्ट सर्किट झाले की वेटोळ्यांतून नेहमीच्या दहापट प्रवाह क्षणभर जातो. तारांमधला ओढा-रेटा प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दहापट प्रवाहाला शंभरपट जोर. वेटोळे हिसका खाते, ठिसूळ कागद फाटतो, दोन फेरे एकमेकांना चिकटतात आणि मग सगळे काही सेकंदांत संपते. जीर्ण रोहित्र हे असे वादळी रात्री जाते. त्याच्या आदल्या दिवशी त्याच्या साध्या विद्युत चाचण्यांत काही वावगे दिसलेलेही नसते.

हा ठिसूळपणा मोजायचा कसा? कागद म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी. एका साखळीत सरासरी किती कड्या आहेत, ही कागदाच्या तारुण्याची खूण. अहवालात या संख्येला डीपी म्हणतात (गावातल्या खांबांवरच्या डीपीचा इथे संबंध नाही). कारखान्यात सुकवून तेलात बुडवलेल्या नव्या कागदाची ही संख्या साधारण १००० असते. ती २०० च्या आसपास आली की कागदाची ताण सोसण्याची ताकद मूळच्या पाव भागावर येते, आणि जगभर तिथेच आयुष्याचा शेवट धरतात.

१००० वरून २०० हा प्रवास ऐकायला लांबचा वाटतो. पण हजार कड्यांची साखळी एकदा मधोमध तुटली की सरासरी ५०० होते. एकूण चार ठिकाणी तुटली की पाच तुकडे, प्रत्येकी दोनशेचे. प्रत्येक साखळीला चार तुटी, एवढेच कागदाचे आयुष्य. साधारण हजार जोडांपैकी चार जोड सुटले की खेळ संपतो, आणि डोळ्यांना तो कागद थोडा काळपट झालेला एवढेच दिसते.

हे जोड उष्णतेने सुटतात, आणि पाणी व आम्ल त्यात भर घालतात. साध्या क्राफ्ट कागदासाठी ढोबळ नियम असा आहे की तापमान सहा अंशांनी वाढले की झीज दुप्पट होते. कागदातला ओलावा वाढला तर झीज आणखी वेगाने होते. आणि तुटलेल्या कडीचे पुढे फ्युरान होते तेव्हा त्यातून पाणीच बाहेर पडते. एका ग्लुकोजपासून एक फ्युरान बनताना पाण्याचे तीन रेणू सुटतात. तेल जुने होताना त्यात आम्ले तयार होतात, त्यांची भर वेगळी. त्यामुळे म्हातारपण स्वतःच स्वतःला खतपाणी घालत राहते.

साखळी तुटल्यावर सुट्या झालेल्या कडीचे पुढे काय होते, त्यावर आपली चाचणी उभी आहे. ग्लुकोजची कडी पाणी गमावत, आकसत, शेवटी चार कार्बन आणि एका ऑक्सिजनच्या पंचकोनी कड्याचे रूप घेते. या कड्याचे रेणू ते फ्युरान. तेलात असे पाच रेणू शोधतात, पण टिकाऊ आणि भरवशाचा त्यांत एकच, फरफ्युरल. हा काही दुर्मीळ पदार्थ नाही. मक्याची कणसे, ओटची टरफले, उसाचे चिपाड यांपासून तो कारखान्यात टनावारी बनतो. अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने १९२२ मध्ये ओटच्या टरफलांपासून तो बनवायला सुरुवात केली. रोहित्रात तो नकळत बनतो, मात्र अत्यंत थोडा. वीस टन तेलात एक पीपीएम म्हणजे सगळा मिळून वीस ग्रॅम.

एवढ्या थोड्या गोष्टीचा तेलात माग काढण्याची रीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या सेंट्रल इलेक्ट्रिसिटी जनरेटिंग बोर्डातल्या संशोधकांनी रुजवली. त्याआधी कागदाची खरी साखळी मोजायची तर रोहित्र बंद करून, तेल काढून, टाकी उघडून कागदाचा तुकडाच कापावा लागे. तो विशिष्ट द्रावणात विरघळवून त्याच्या दाटपणावरून साखळीची लांबी काढतात. ही चाचणी अचूक, पण चालत्या रोहित्रावर होऊच शकत नाही. तेलाची बाटली मात्र रोहित्र चालू असताना खालच्या झडपेतून काढता येते. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६११९८ आले आणि पद्धत सगळीकडे सारखी झाली.

प्रयोगशाळेतले काम समजायला सोपे आहे. तेल अॅसिटोनायट्राइल या द्रावकाबरोबर जोराने हलवतात. दोघे एकमेकांत मिसळत नाहीत, पण फ्युरान तेल सोडून द्रावकात जातात. तो द्रावक मोठ्या दाबाने बारीक कणांनी भरलेल्या एका नळीतून ढकलतात. नळीतून पाचही फ्युरान वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि अतिनील प्रकाश शोषून घेतात. पडद्यावर उंचवटे उमटतात आणि उंचवट्याच्या आकारावरून प्रमाण निघते. इथे चूक क्वचितच होते. चूक होते ती बाटलीपाशी. झडपेत अडकलेले शिळे तेल आधी बादलीत सोडून द्यायला हवे, बाटली गडद काचेची हवी, काठोकाठ भरायला हवी, आणि तिच्या लेबलवर त्या वेळचे तेलाचे तापमान लिहायला हवे. ही शेवटची गोष्ट सर्रास राहून जाते. तिचे महत्त्व पुढे येईल.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. फरफ्युरलच्या आकड्यावरून साखळीची लांबी काढायची सूत्रे बरीच आहेत. सर्वांत जास्त वापरात असलेले चेंदोंग यांचे, १९९१ सालचे:

log10(2FAL) = 1.51 − 0.0035 × DP

यात 2FAL म्हणजे पीपीएममधले फरफ्युरल. सूत्राचा अर्थ असा की साखळी ८६ कड्यांनी आखूड झाली की फरफ्युरल दुप्पट होते. ०.१ पीपीएमला साखळी निघते ७१७, एक पीपीएमला ४३१ आणि साडेसहा पीपीएमला २००. हे सूत्र प्रत्यक्ष रोहित्रांतल्या नोंदींवर बसवलेले आहे. दुसरे सूत्र द पाब्लो यांचे. त्यात ७१०० ला ८.८८ अधिक फरफ्युरल या बेरजेने भागतात. इथे गृहीतच वेगळे आहे. जितक्या तुटी तितके फरफ्युरल, असे सरळ प्रमाण त्यात धरलेले आहे. एक पीपीएमला हे सूत्र ७१९ सांगते, म्हणजे चेंदोंगच्या दृष्टीने ज्याची वाट निम्म्याहून पुढे गेली तो कागद इथे तरणाबांड.

दोघांपैकी कोणी खोटे बोलत नाही. फरक पडतो तो फरफ्युरल किती तेलात उतरते आणि किती कागदातच राहते यामुळे, कागदाच्या मानाने तेल किती आहे यामुळे, टाकीत हवा शिरते की नाही यामुळे. फरफ्युरलचा मोठा भाग कागदातच बसून राहतो आणि तेलात दिसतो तो त्याचा थोडासा हिस्सा. तेल तापले की हा हिस्सा वाढतो, निवले की घटतो. कागद ओला आहे की कोरडा, यानेही तो बदलतो. म्हणून त्याच रोहित्राची बाटली विदर्भात मे महिन्यात भरली आणि पुन्हा जानेवारीत भरली, तर कागद होता तसाच असूनही आकडे वेगळे येऊ शकतात. लेबलवर तापमान नसेल तर हा फरक ओळखायला काही मार्गच राहत नाही.

टक्केवारीचे गणितही याच साखळीवर होते. बऱ्याच प्रयोगशाळा ८०० ला आयुष्याचा आरंभ आणि २०० ला अंत धरतात, आणि मधले अंतर घातांकी मापाने वाटतात. ८०० ची ४०० झाली की निम्मे आयुष्य गेले, ४०० ची २०० झाली की उरलेले निम्मे. १.२ पीपीएमला चेंदोंगची साखळी ४०९, म्हणून ४८ टक्के खर्च. द पाब्लोची ७०४, म्हणून ९ टक्के. अहवालात सूत्राचे नाव छापलेले नसेल तर टक्केवारी वाचूच नये.

म्हणून एका आकड्यापेक्षा त्याच रोहित्राच्या वर्षांमागून वर्षांच्या आकड्यांची रांग पाहायची असते. त्यासाठी एक रोहित्र कल्पू. आकडे माझे आहेत, पण प्रत्यक्षात येतात त्याच घडणीचे. १९९४ साली बसवलेले, १३२ किलोव्होल्टचे, साध्या क्राफ्ट कागदाचे. २०१० मध्ये पहिली चाचणी झाली, ०.४ पीपीएम. २०१५ मध्ये ०.९. चेंदोंगप्रमाणे साखळी ५४५ वरून ४४५ वर आलेली. तेलात आम्लही वाढले होते, म्हणून २०१६ मध्ये तेलाचे पुनरुज्जीवन केले. या कामात तेल तापवून फुलर्स अर्थ मातीच्या, म्हणजे आपल्या मुलतानी मातीच्या जातभाईच्या, थरांतून पुन्हा पुन्हा फिरवतात. माती आम्ल शोषते, तेलाचा रंग उजळतो. ती फ्युरानही शोषते.

तीन महिन्यांनी बाटली भरली, आकडा आला ०.०८. चेंदोंगच्या सूत्रात घातला तर साखळी ७४५. बावीस वर्षांचे रोहित्र कागदावर ऐन जवानीत आलेले. तेल बदलले तरी असेच होते, आणि नुसत्या निर्वात गाळणीनेही आकडा काहीसा खाली येतो. कागद मात्र तोच, तितकाच ठिसूळ. तेलावर प्रक्रिया झाल्याची नोंद अहवाल वाचणाऱ्याकडे नसेल, तर रोहित्राला निष्कारण उत्तम प्रकृतीचे प्रमाणपत्र मिळते. या चाचणीतली सर्वांत महाग चूक ही. आणि ती पकडणे अवघडही नसते, कारण फरफ्युरल आपोआप कमी होण्याइतके घसरले तर कुणीतरी तेलाला हात लावला आहे हे जवळपास नक्की.

पुढचे आकडे असे: २०१७ मध्ये ०.२५, २०२० मध्ये ०.४५, २०२३ मध्ये ०.८. पहिल्या वर्षात आकडा तिप्पट झाला म्हणून घाबरायचे कारण नाही. कागदात साठलेले जुने फरफ्युरल स्वच्छ तेलात हळूहळू परत उतरते आणि या तोलाला काही महिने लागतात. म्हणून प्रक्रियेनंतर वर्षभराने आलेला आकडा हा नवा पाया धरायचा आणि तिथून पुढची वाढ तेवढी नवी झीज मानायची. २०१७ ते २०२३ मध्ये वाढ झाली ०.५५, म्हणजे वर्षाला सुमारे ०.०९. प्रक्रियेआधी ती वर्षाला ०.१ होती. तेल स्वच्छ करूनही कागदाच्या झिजेत फारसा फरक पडला नाही, हे या रांगेतून कळते. ओलावा कागदात तसाच असणार, असा पहिला संशय घ्यायचा.

आता एकूण हिशेब. जुने ०.९ आणि नवी वाढ ०.५५ मिळून १.४५ पीपीएम. साखळी ३८५. नुसता २०२३ चा ०.८ धरला असता तर ४५९ आली असती. म्हणजे खर्च झालेले आयुष्य ४० नव्हे, ५३ टक्के. एवढ्यावर थांबले तर हिशेब बरा आहे.

पण लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘मग वर्षे किती राहिली?’ २९ वर्षांत ५३ टक्के, तर उरलेल्या ४७ टक्क्यांना सुमारे २६ वर्षे. तेच तुटींच्या हिशेबाने करून पाहा. हजाराच्या साखळीला आतापर्यंत १.६ तुटी झाल्या, चारपर्यंत जायला २.४ उरल्या, म्हणजे त्याच चालीने ४४ वर्षे. एकाच आकड्यातून २६ आणि ४४. आणि दोन्ही उत्तरांत गृहीत असे की पुढेही भार, तापमान आणि ओलावा आजवरच्याइतकाच राहील. शहर वाढले, फीडर वाढले, त्या रोहित्रावर दुसऱ्याचाही भार आला आणि गरम जागेचे तापमान बारा अंशांनी चढले, तर झीज चौपट. तेव्हा वर्षांचा आकडा मागणाऱ्याला तो द्यावा, पण सोबत त्याची अटही लिहून द्यावी.

फ्युरानचा सर्वांत मोठा आंधळा कोपरा अजून सांगायचा आहे. तेल सगळ्या टाकीत फिरते, म्हणून त्यातला आकडा सगळ्या कागदाची सरासरी असतो. कागद मात्र सगळीकडे सारखा तापत नाही. वेटोळ्याच्या वरच्या टोकाला एक जागा सर्वांत गरम असते. ती ९८ अंशांवर असेल आणि वेटोळ्याचा तळ ६८ वर, तर सहा अंशांच्या नियमाने वरचा कागद तळच्या कागदाच्या बत्तीसपट वेगाने झिजतो. रोहित्र जाते ते त्या एका जागेमुळे. एक पीपीएम फरफ्युरल सगळ्या कागदाच्या सौम्य झिजेतून येऊ शकते, आणि चार फेऱ्यांवरचा कागद करपला तरी येऊ शकते. बाटली या दोघांतला फरक सांगत नाही.

थोडा अंदाज वाढीच्या चालीवरून येतो. सौम्य झीज वर्षानुवर्षे संथ चढते. एखादी जागा करपू लागली तर सहा महिन्यांत आकडा उडी घेतो. अशा वेळी तेलात विरघळलेल्या वायूंची चाचणी हाताशी हवी. कागद जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड सुटतात. मोनॉक्साइड झपाट्याने वाढत असेल आणि डायऑक्साइड त्याच्या तिपटीहून कमी असेल, तर दोष कागदापर्यंत पोचल्याचा संशय येतो. पण हे वायू तेलाच्या स्वतःच्या म्हातारपणातूनही निघतात. फरफ्युरल तेलातून निघत नाही, ते कागदाचेच. म्हणून वायूंनी शंका घ्यायची आणि फ्युरानने ती पक्की करायची, अशी ही जोडी चालते. उरलेल्या चार फ्युरानांवरूनही काही ठोकताळे बांधतात. एखादा जास्त दिसला तर ओलावा, दुसरा दिसला तर अति उष्णता, तिसरा दिसला तर हवेचा शिरकाव. ते ठोकताळेच आहेत, त्यांवर निर्णय घेऊ नये.

‘फरफ्युरल कागदाचेच’ या वाक्यालाही एक अपवाद आहे. तेल शुद्धीकरणाच्या एका जुन्या पद्धतीत फरफ्युरल द्रावक म्हणून वापरतात. त्याचा अंश नव्या तेलात राहिला तर रोहित्र पहिल्याच दिवशी म्हातारे दिसेल. म्हणून नव्या तेलातही फ्युरान तपासतात आणि ते जवळपास शून्य असावे लागते. नवे तेल भरले की पहिला नमुना तेव्हाच घेऊन ठेवणारे खाते शहाणे.

उलट टोकाचा अपवाद जास्त घातक आहे. काही रोहित्रांत उष्णता सोसणारा सुधारित कागद असतो. अमेरिकेत तो अनेक दशके वापरात आहे. त्यात डायसायनडायअमाइडसारखी नायट्रोजनयुक्त संयुगे मिसळलेली असतात. ती पाण्याशी आणि आम्लांशी लढतात, पण फ्युरान फार कमी दिसू देतात. अशा रोहित्राचा आकडा वर्षानुवर्षे ०.०५ च्या आत राहतो आणि कागद आतून जीर्ण झालेला असू शकतो. साध्या कागदाची सूत्रे इथे लावली तर उत्तर सपशेल चुकते. कॅनडातल्या हायड्रो-क्वेबेकच्या संशोधकांनी २००७ मध्ये यावर दुसरा साक्षीदार पुढे आणला, तो म्हणजे मिथेनॉल. साखळीचा जोड तुटतानाच ते तयार होते, लवकर दिसते आणि सुधारित कागदातही दिसते. पण ते उडून जाणारे आहे आणि तापमानाप्रमाणे कागद-तेलात मागेपुढे होत राहते, त्यामुळे त्याचा आकडा वाचायला फरफ्युरलपेक्षाही जास्त सावधपणा लागतो. आपल्या रोहित्रात कोणता कागद आहे हे निर्मात्याच्या कागदपत्रांत लिहिलेले असते. ते शोधल्याशिवाय फ्युरानच्या अहवालावर बोलू नये.

एवढ्या मर्यादा ऐकून चाचणी निरुपयोगी वाटेल. तसे मुळीच नाही. चालू रोहित्राच्या कागदाबद्दल, त्याला न उघडता, एवढे सांगणारी दुसरी इतकी स्वस्त आणि रुळलेली चाचणी नाही. निवृत्त झालेली रोहित्रे तोडताना त्यांच्या वेटोळ्यांतला कागद तपासून जुन्या फ्युरान नोंदींशी ताडून पाहण्याचे काम ब्रिटनच्या नॅशनल ग्रिडसारख्या संस्थांनी केले आहे. आपल्याकडेही दरवर्षी रोहित्रे भंगारात निघतात. तेव्हा वेटोळ्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातले कागदाचे तुकडे प्रयोगशाळेत पाठवायला फारसा खर्च येत नाही. आपल्या हवामानात, आपल्या भारांवर चाललेल्या रोहित्रांसाठी कोणते सूत्र बरे बसते, हे ठरवण्याचा तोच एक सरळ मार्ग आहे.

आपल्या कल्पनेतल्या १९९४ च्या रोहित्राबाबत मी काय लिहीन? ते बदलण्याची घाई नको. त्यावर नवा भार चढवू नये, कागदातला ओलावा मोजून गरज पडल्यास सुकवावा, ब्रीदरमधले सिलिका जेल रंग बदलताच बदलावे. दरवर्षी एकाच महिन्यात, शक्यतो सारख्याच तापमानाला बाटली भरावी. वर्षाची वाढ ०.०९ वरून ०.२ वर गेली तर वायूंची चाचणी लगेच करावी. दुसऱ्या कुठल्या कामासाठी टाकी उघडलीच, तर वरच्या टोकाच्या लीडवरचा कागदाचा चिमूटभर तुकडा काढून खरी साखळी मोजून घ्यावी. आणि बदली रोहित्राची मागणी आकडा पाच पीपीएमवर जाण्याची वाट न पाहता अंदाजपत्रकात घालावी, कारण एवढे मोठे रोहित्र मागवल्यावर हाती यायला महिनोन्‌महिने लागतात.

उपकेंद्रात काम करणाऱ्यांना एकच विनंती. तेल गाळण्याची गाडी दारात आली की पाइप जोडण्याआधी एक बाटली भरून घ्या, आणि प्रक्रियेची तारीख रोहित्राच्या नोंदवहीत ठळक लिहा.